‘गाडी गेली’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका, खिडकीवर विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी आणि मे महिना जवळ आला की खासगी ट्रॅव्हल्सच्या लुटीच्या बातम्या सगळीकडे येतात. त्या खऱ्याच असतात. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. प्रवासी एजंटाच्या हाती लागतो तो दर ऐकून नव्हे, आधी त्याला ‘एस.टी. नाही’ असे पटवले जाते आणि दराचे बोलणे त्यानंतर निघते. माझी सारी नोकरी वाहक म्हणून झाली. रात्रीच्या पुणे आणि मुंबई गाड्या केल्या, त्यामुळे ही पटवापटवी दारात उभे राहून पाहिली आहे. तेवढ्याबद्दल लिहितो.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर एजंटांचा खरा धंदा रात्री साडेनऊ ते बाराच्या दरम्यान चालतो. दिवसा पुण्याच्या गाड्या एकामागून एक सुटतात, एक चुकली तर दुसरी मिळते, म्हणून दिवसा त्यांना कोणी विचारत नाही. रात्री दोन गाड्यांमधले अंतर वाढते. त्यातच बऱ्याच रातराण्या इथून निघतच नाहीत. त्या गडहिंग्लज, चंदगड, आजरा, गारगोटी किंवा तळकोकणातून येतात, इथे थांबून पुढे जातात. घाटात ट्रक बंद पडला किंवा महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामात गाडी अडकली की फलाट मोकळा दिसतो. वेळ होऊन गेलेली आणि फलाटावर गाडी नाही, हा जो अर्धा-पाऊण तास असतो तोच एजंटाचा.

तो माणूस हेरतो कसा, हेही सांगतो. मान वर करून फलाटावरच्या पाट्या वाचणारा, पुन्हा पुन्हा मोबाइलमध्ये वेळ बघणारा, बॅग खाली न ठेवणारा प्रवासी त्याला लांबून कळतो. मग अगदी आपुलकीने विचारणा होते, “पुणे काय? ती गाडी रद्द झाली की. आता पहाटेचीच.” किंवा “फुल्ल आलीया, उभं ऱ्हाऊन जाणार काय ताई?” आणि लगेच, “एसी स्लीपर हाय, भायेर लागलीया, पाच मिनटात सुटतीया.”

माझ्या पुतणीचे असेच झाले. गारगोटीकडून येऊन इथून रात्रीची पुणे गाडी पकडायची होती, आरक्षण केलेले होते. गाडीला उशीर झाला. एका एजंटाने ‘रद्द’ म्हणून सांगितले, हिने ते खरे मानले. त्याने रिक्षात बसवून तावडे हॉटेलच्या चौकात नेले. तिथे गाडी उभी होती, पण ती पाच मिनिटांत कसली सुटते? बाकीची गिऱ्हाइके भरेपर्यंत थांबली. स्लीपर म्हणून नऊशे रुपये घेतले आणि बसवले केबिनमध्ये, चालकाच्या मागच्या बाकड्यावर. तिकीट म्हणून हातात दिली ती एक चिठ्ठी, त्यावर गाडीचा नंबरसुद्धा नाही. गाडी मुंबईची होती, त्यामुळे पुण्यात न शिरता बाह्यवळणाने गेली आणि हिला पहाटे नवले पुलाजवळ रस्त्याच्या कडेला उतरवले. तिकडे तिची आरक्षित गाडी पस्तीस मिनिटे उशिरा आली आणि तिची सीट रिकामी घेऊन स्वारगेटला गेली. आता त्या आरक्षणाचे पैसे कोण परत देणार? गाडी रद्द झालीच नव्हती. एस.टी.ने फेरी रद्द केली तर पैसे परत मिळतात, प्रवासीच हजर नसेल तर मिळत नाहीत.

या प्रकरणात हिशेब बघण्यासारखा आहे. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. 25 जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात. कोल्हापूर ते पुणे साधारण चाळीस टप्पे, म्हणजे सुमारे चारशे रुपये. 17 मार्च 2023 पासून महिलांना तिकीट निम्मे आहे, म्हणजे हिला दोनशे आणि वर आरक्षणाचा किरकोळ आकार. 75 वर्षांच्या पुढच्यांना तर प्रवास मोफत, 65 ते 75 पर्यंत अर्धे. (ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, बरं का. निपाणी-बेळगावला जाणाऱ्यांनी वाहकाशी वाद घालू नये, कागल ओलांडून हद्द संपली की पुढचे तिकीट पूर्णच पडते.) खासगी गाड्यांनाही कमाल भाड्याची मर्यादा आहे. राज्य शासनाच्या 27 एप्रिल 2018 च्या निर्णयानुसार त्याच दर्जाच्या एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. स्लीपर किंवा वातानुकूलित गाडीची तुलना साध्या गाडीशी होत नाही, हे मान्य. पण केबिनमधल्या बाकड्याला कोणता दर्जा लावायचा?

आता आरक्षणाबद्दल. अनेकांना वाटते, ऑनलाइन तिकीट काढले की काम झाले. मधल्या थांब्यावरून चढणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही. वाहकाच्या हाती आरक्षणाचा तक्ता असतो. त्यात सीट नंबर आणि कुठून चढणार हे लिहिलेले असते. कोल्हापूरहून चढणारा प्रवासी इथे हजर नसला, की गाडी हलल्यावर वाहक ती सीट उभ्या प्रवाशाला देतो, त्यात त्याची चूक नाही. म्हणून तिकीट काढताना चढण्याचा थांबा नीट निवडायचा. शहरात मध्यवर्ती, रंकाळा आणि संभाजीनगर अशी तीन स्थानके आहेत. तिकीट एका स्थानकाचे आणि माणूस दुसऱ्या स्थानकावर उभा, असे प्रवासी मी पाहिलेत. चुकल्याचे ध्यानात येईपर्यंत रिक्षाने जायलाही वेळ उरत नाही.

रात्रीच्या गाडीत तारखेची भानगड वेगळीच. शनिवारी रात्री जायचे म्हणून लोक शनिवारची तारीख टाकतात. गाडी कोल्हापुरात सव्वाबाराला असेल तर ती वेळ रविवारची झाली. त्यातून गाडी कोकणातून शनिवारी संध्याकाळी निघालेली असेल, तर तिची सुटण्याची तारीख एक आणि तुमची चढण्याची तारीख दुसरी. तिकीट आल्यावर गाडीचे सुटण्याचे ठिकाण, चढण्याचा थांबा, तिथली तारीख आणि वेळ या चार गोष्टी वाचून घ्या. शंका असली तर दिवसाच आरक्षण खिडकीवर जाऊन दाखवा. रात्री बाराला कळून उपयोग नाही. सवलतीचे तिकीट असेल तर आरक्षण करतानाच तो प्रकार निवडायचा, आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवायचे. मोबाइलमधला फोटो वाहकाने मान्य केलाच पाहिजे असे नाही.

आणि उतरण्याचे ठिकाणही आधी ठरवा. पुण्याला स्वारगेट, वाकडेवाडी आणि पुणे स्टेशन ही तिन्ही वेगळी ठिकाणे आहेत. मुंबई किंवा बोरिवलीची गाडी असेल तर ती पुण्यात कुठे थांबणार, हे चढण्याआधी वाहकाला विचारा. एकट्याने जाणाऱ्या मुलीला मी तरी असे सांगेन की साडेदहा-अकराची गाडी घे. दहाच्या आधीची घेतलीस तर अडीच-तीनला पुण्यात उतरशील आणि उजाडेपर्यंत तिथे बसावे लागेल. फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट स्थानकाच्या आवारात पहाटे उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या तरुणीलाही ‘तुमची गाडी तिकडे लागलीय’ असेच सांगण्यात आले होते. फलाट सोडून दुसरीकडे चला म्हणणारा, तो कितीही ताई-ताई म्हणो, त्याच्याबरोबर पाऊल टाकायचे नाही. गाडी कुठे लागली ते वाहतूक नियंत्रक सांगतो, तिऱ्हाईत नाही.

रद्द की उशीर, हेही विचारायची जागा तीच, चौकशीची खिडकी. विचारताना ‘पुणे गाडी आली का?’ असे मोघम विचारू नका, कारण पुण्याच्या गाड्या अनेक. ‘चंदगडहून येणारी साडेदहाची, माझे आरक्षण आहे’ असे सांगितले की नियंत्रक नोंद बघतो, गरज पडली तर मागच्या स्थानकात फोन लावतो. खिडकीवर कोणी नसेल तर एस.टी.चा टोल फ्री क्रमांक 1800 22 1250 आहे. आपली गाडी ओळखायलाही सोपे आहे. तिकिटावर सुटण्याचे ठिकाण असते, पाटीवरही असते, आणि वाहकाच्या तक्त्यात तुमचा सीट नंबर असतोच.

एस.टी. प्रशासनाकडे माझे मागणे एवढेच आहे. रात्री नऊनंतर चौकशीच्या खिडकीशेजारी एक फळा ठेवावा आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येक गाडीचे नाव, ती शेवटी कुठून सुटल्याची नोंद आहे ती वेळ, आणि इथे येण्याची अंदाजे वेळ खडूने लिहावी. डिजिटल पाट्या येतील तेव्हा येतील, खडूला निविदा लागत नाही. फेरी खरोखरच रद्द झाली असेल तर तेही तिथेच लिहावे आणि दोनदा ध्वनिक्षेपकावर सांगावे. ‘रद्द’ हा शब्द नियंत्रकाच्या तोंडून आला नाही तर तो खोटा, हे प्रवाशाला ठाऊक झाले की एजंटाची अर्धी भाषा संपते.

उरलेली अर्धी पोलीस आणि परिवहन कार्यालयाने संपवायची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 93 नुसार प्रवासी गोळा करणाऱ्या एजंटाला परवाना लागतो. विनापरवाना असेल तर कलम 193 खाली दंड आहे, पुन्हा सापडला तर कैदेचीही तरतूद आहे. स्थानकाच्या फाटकात आणि आवारात रोज रात्री तीच माणसे उभी असतात. त्यांच्याकडे परवाना मागायला मोहीम कशाला हवी? गस्तीच्या दोन पोलिसांनी दहा वाजता चक्कर मारली तरी पुरे. प्रवाशांनीही एवढे करावे की खासगी गाडीने जायचेच असेल तर कार्यालयात जाऊन छापील तिकीट घ्यावे, त्यावर गाडीचा नंबर, सीट आणि उतरण्याचे ठिकाण लिहून घ्यावे. तक्रार करायची झाली तर परिवहन कार्यालय सगळ्यात आधी गाडीचा नंबर विचारते, आणि चिठ्ठीवर नेमका तोच नसतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक
राजारामपुरी, कोल्हापूर