सत्कार ठिबकाचा नव्हे, शिकवणीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठिबक सिंचन स्वीकारणाऱ्या एका प्रगतशील शेतकऱ्याच्या सत्काराचे वृत्त वाचले. त्यात त्यांनी वाचवलेल्या पाण्याचा उल्लेख होता. परंतु शेजाऱ्यांना ते जे विनामूल्य शिकवतात, त्याचे मोल मला अधिक वाटते. संच बसवणे सोपे असते. तो दोन-तीन हंगामांत तुंबतो आणि शेतकरी पुन्हा पाटपाण्याकडे वळतो, ही खरी अडचण आहे.

त्यांच्या शिकवणीचा एक प्रसंग मी पाहिला. एका शेजाऱ्याच्या शेतात ओळींच्या टोकाची झाडे सुकत होती आणि तो मोटार बदलण्याच्या विचारात होता. यांनी आधी तासाला चार लिटरच्या तोट्यांखाली पंधरा मिनिटे भांडी ठेवायला लावली. प्रत्येक भांड्यात एक लिटर पाणी यायला हवे होते. ओळीच्या सुरुवातीला ते जवळजवळ तेवढे आले, पण टोकाला सहाशे मिलिलिटरच भरले. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहिला, तर फरक अर्ध्या किलोहून अधिक निघाला. जाळी धुतल्यावर तो उतरला, तरी टोकाचे पाणी पुरेसे वाढले नाही. तेव्हा नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत गाळ वाहू दिला आणि एक तोटी कापून पाहिली. आत पांढरा, कडक थर होता व त्यावर आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसला, म्हणजे तो क्षारांचा होता. थर बुळबुळीत असता, तर ते शेवाळ किंवा जिवाणूंचे काम ठरले असते आणि त्यावर क्लोरीनची प्रक्रिया करावी लागली असती.

मग पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून शेवटच्या तोटीतून पडणाऱ्या पाण्याचा सामू चारच्या आसपास आणला, संच चोवीस तास बंद ठेवला आणि नंतर सर्व नळ्या धुऊन काढल्या. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही, हे त्यांनी प्रत्येकाकडून म्हणवून घेतले. हातमोजे न आणलेल्यास त्यांनी बादलीजवळ फिरकू दिले नाही. (ही कडक शिस्त काहींना खटकली, मला पटली.) पुन्हा मोजल्यावर बहुतेक तोट्या सुधारल्या होत्या. ज्या पूर्ण बंद होत्या, त्यांतून आम्लच पुढे जात नसल्याने त्या बदलाव्या लागल्या, आणि हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. मोटार मात्र जुनीच राहिली.

भांडे, घड्याळ आणि दाबमापक एवढ्यावर दोष शोधता येतो, हे आता त्या शेजाऱ्याने आणखी दोघांना दाखवले आहे. आपल्या वृत्तात या शिकवणीसाठी चार ओळी असत्या, तर सत्काराचे कारण वाचकांना पुरते कळले असते. या शेतकरी बंधूंचे मनःपूर्वक अभिनंदन.

आपला,
एक शेतकरी वाचक