तुझ्या अपिलाच्या मसुद्याबद्दल

प्रिय मित्रा,

निबंधातल्या वाङ्मयचौर्याबद्दल झालेल्या शिक्षेविरुद्धचा तुझा मसुदा नीट वाचला. राग मानू नकोस, पण आहे तसा तो समितीकडे पाठवू नकोस. सुरुवातीला तू चूक कबूल करतोस आणि पुढे म्हणतोस की ‘याला खरं तर वाङ्मयचौर्य म्हणता येणार नाही’. वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडेल. कबुली द्यायची तर पुरती दे.

अपील बहुतेक ठिकाणी तीन कारणांवर ऐकलं जातं: चौकशीची प्रक्रिया चुकली, आधी मांडता न आलेला पुरावा मिळाला, किंवा शिक्षा दोषाच्या मानाने जास्त झाली. मजकूर तू उचललास हे खरं आहे, म्हणून तुझ्यापाशी तिसरं कारणच उरतं. तुमच्या नियमावलीत ते आहे ना, आणि मुदत कधी संपते, हे आधी बघ. मग पत्राच्या सुरुवातीलाच लिही: “समितीने काढलेला दोषाचा निष्कर्ष मला मान्य आहे. माझी विनंती फक्त शिक्षेच्या फेरविचाराची आहे.”

सिमिलॅरिटी रिपोर्टमधल्या 31 टक्क्यांवरचा वाद काढून टाक. त्या आकड्यात बऱ्याचदा संदर्भसूची आणि रीतसर दिलेली अवतरणंही मोजली जातात, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण तुझा दोष त्या आकड्यात नाहीच, तो पान 5 आणि 6 वरच्या तीन परिच्छेदांत आहे. पहिले दोन जसेच्या तसे घेतलेत. मूळ लेख शेवटच्या सूचीत आहे, पण त्या जागी ना अवतरणचिन्हं, ना संदर्भ. तिसऱ्यात शब्द बदललेत, मुद्द्यांचा क्रम मात्र लेखकाचाच. रिपोर्टमध्ये तो पुसटसाच दिसतो, म्हणून तर तो तू स्वतः दाखवायला हवास. मूळ उतारे आणि तुझे परिच्छेद शेजारीशेजारी ठेवून एक परिशिष्ट जोड. त्याआधी उरलेला निबंधही त्याच नजरेने तपास. आणखी काही सापडलं तर तेही लिही. ते नंतर समितीच्या हाती लागलं तर सगळं पत्रच खोटं ठरेल.

हे कसं घडलं, ते थोडक्यात सांग. टिपणांच्या फाइलमध्ये लेखातली वाक्यं आणि तुझी वाक्यं एकत्र झाली होती, हे पहिल्या दोन परिच्छेदांपुरतं पटतं. तिसऱ्याला ते लागू होत नाही. शब्द बदललेत म्हणजे मूळ उतारा समोर होता. तिथे “मुदत जवळ आली होती आणि मी जाणूनबुजून सोपा मार्ग घेतला” हेच लिहावं लागेल. मला माहीत आहे, हे वाक्य लिहिणं जड जाईल. घरातल्या आजारपणाचा परिच्छेद मात्र कागदपत्रं असतील आणि तारखा जुळत असतील तरच ठेव, तोही एका ओळीत.

आता उपायाकडे येतो. शिक्षा आहे विषयात नापास आणि एका सत्राचं निलंबन. तू मागतोस निबंध पुन्हा लिहून पूर्ण गुण. समिती विचारेल, प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाला जी दुसरी संधी मिळाली नाही ती तुला का? याला उत्तर नाही. त्यापेक्षा निबंधाचा शून्य स्वीकार. तो 100 पैकी 30 गुणांचा आहे, म्हणजे तुझी कमाल 70 वर येते. उरलेल्या कामावर उत्तीर्ण होता येईल, पण झळ खरी बसेल. उचललेला भाग नव्याने लिहून दे, गुणांशिवाय, टिपणं आणि कच्च्या मसुद्यांसकट. नोंद शिक्षण संपेपर्यंत दप्तरी राहू दे. मागणी एवढीच ठेव की निलंबन रद्द व्हावं आणि विषयाचा निकाल उरलेल्या गुणांवर लागावा.

तपासणीचा भार त्याच शिक्षकांवर टाकू नकोस, त्यांना आधीच पुरेसा मनस्ताप झालाय. विभागातल्या दुसऱ्या कुणी तपासावं असं सुचव. काम देण्याची तारीख तूच घाल आणि ती चुकली तर मूळ शिक्षा आपोआप लागू व्हावी, असंही लिही. त्यामुळे समितीला तुझ्या शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही.

निलंबन जास्त का, हे सांगताना दोष पहिलाच आहे, तो एका भागापुरता आहे आणि मूळ लेख सूचीतून लपवलेला नव्हता, एवढंच मांड. नियमावलीत दोषाच्या पायऱ्या दिल्या असतील तर कलमाचा क्रमांक दे. ‘अमक्याला नुसती ताकीद मिळाली’ हे वाक्य खोड. त्याचं प्रकरण तू पाहिलेलं नाहीस.

सगळं मिळून दीड पानात बसव, परिशिष्ट वेगळं. सुनावणीला बोलावलं तर त्या तिसऱ्या परिच्छेदाबद्दल नक्की विचारतील, आणि पत्रात आहे तेच तोंडी सांगता यायला हवं. नवा मसुदा झाला की परिशिष्टासकट मला पाठव. मी आधी परिशिष्ट वाचेन.

तुझाच,
जुना सोबती