पाण्याच्या टाकीवर चढवलेली तार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली पुराची कथा मी दोनदा वाचली. एकदा कथा म्हणून आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कोकणातलं नदीकाठचं गाव पाण्यात जातं, फोन बंद पडतात आणि निवृत्त मास्तर माळ्यावरचा हॅम रेडिओ खाली काढून गावाचे निरोप मुंबईपर्यंत पोहोचवतात. या हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना माझ्याकडे तीस-एक वर्षं आहे. घरचे माझ्या खोलीला ‘कंट्रोल रूम’ म्हणतात, ते कौतुकाने नव्हे. तेव्हा हे पत्र थोडं चिकित्सक झालं तर लेखकाने रागावू नये.

आधी लेखकाला अचूक साधलेली गोष्ट सांगतो. पाणी चढलं त्या क्षणी कथेतले फोन मरत नाहीत, ते संध्याकाळी मरतात. घडतंही असंच. वीज गेली तरी मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर किंवा डिझेलवर चालत राहतो आणि मग एकेक टॉवर गप्प होतो. पूल वाहून गेला तर त्याला बांधून नेलेली केबलही त्याच्याबरोबर जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री मुंबईकराने हातातल्या फोनकडे किती वेळा पाहिलं असेल, हे सांगायला नको.

पेन्सिल पहिल्यांदा थांबली ती टाकीवर. मुंबईपर्यंत आवाज जावा म्हणून मास्तर भर पावसात पाण्याच्या उंच टाकीवर चढतात आणि तिच्या टोकाला एरियलची तार बांधतात. प्रसंग थरारक आहे, पण टाकी चांगली वीसेक मीटर असेल तर मास्तरांचा आवाज मुंबईला कमीच पोहोचेल. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे साधारण चाळीस मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात, सात मेगाहर्ट्‌झच्या आसपास, तारेचे दोन हात प्रत्येकी दहा मीटरचे असतात. ही तार आडवी, जमिनीपासून पाच ते दहा मीटरवर बांधली तर लहरी बहुतेक सरळ वर जातात. दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांच्या थरावर आपटून त्या छत्रीसारख्या खाली उतरतात आणि चहूबाजूंचा तीन-चारशे किलोमीटरचा मुलूख झाकतात. वाटेत डोंगर असो की घाट, काही बिघडत नाही, कारण लहर डोंगरावरून जात नाही, आभाळातून येते. तीच तार वीस मीटरवर नेली की वरच्या दिशेची ताकद जमिनीवरून उलटलेल्या लहरीमुळे कटते आणि सगळा जोर क्षितिजाकडे जातो. मास्तरांचा आवाज दूरदेशी छान जाईल, सव्वाशे किलोमीटरवरच्या मुंबईला मात्र नाही. मास्तरांना दोन आंब्यांच्या मध्ये, कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा जरा उंच तार ताणता आली असती. वाचकांची धडधड कमी झाली असती, हे कबूल. हातात धरायचे छोटे सेट मात्र नजरेच्या टप्प्यातच बोलतात. गावातल्या गावात, शाळा ते तहसील कचेरी, एवढंच त्यांचं काम.

दुसरी खूण रात्रीच्या प्रसंगावर. पहाटे तीन वाजता मास्तर त्याच तारेवर, त्याच बँडवर मुंबईशी बोलताहेत. सूर्य गेला की तो वरचा थर हळूहळू विरळ होतो आणि पहाटेच्या आधी सर्वांत पातळ असतो. तेव्हा सात मेगाहर्ट्‌झची सरळ वर गेलेली लहर परत फिरत नाही, थर भेदून निघून जाते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. दिवसभर कानात बसलेला पुण्याचा स्टेशनवाला अचानक नाहीसा होतो आणि दिल्ली किंवा परदेशातलं कोणी खोलीत बसल्यासारखं बोलू लागतं, की समजावं, जवळचं दार मिटलं. मग दोनच वाटा राहतात. एक म्हणजे ऐंशी मीटरच्या बँडवर उतरायचं. त्याला चाळीस मीटर लांब तार लागते आणि पावसाळ्यात विजांचा खरखराट तिथे इतका असतो की प्रत्येक शब्द दोनदा बोलावा लागतो. दुसरी वाट मला कथेसाठीही जास्त आवडली असती. मास्तरांना मुंबई ऐकू येत नाही, मुंबईला मास्तर ऐकू येत नाहीत, पण दिल्लीतल्या एका अनोळखी माणसाला दोघेही ऐकू येतात. तो मास्तरांकडून निरोप घेतो आणि मुंबईला देतो. आम्ही याला रिले म्हणतो. गावाचा निरोप शेजारी जाण्यासाठी दिल्लीहून फिरून येतो!

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहितोय. कथेतले मास्तर बोलतात, ओरडतात, गहिवरतात, पण लिहीत कधीच नाहीत. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग वहीत होतो. तार खात्याच्या जुन्या तारेसारखाच आमचा निरोप असतो. त्याला क्रमांक असतो, तातडीचा की साधा ते असतं, कुठून, किती वाजता, कोणाला ते असतं आणि मजकुरात किती शब्द आहेत तो आकडा असतो. हा शब्दांचा आकडा म्हणजे पावती. घेणाऱ्याने आपल्या वहीतले शब्द मोजायचे. दहा सांगितले आणि नऊच भरले तर कुठेतरी एक शब्द गळला, मग ‘अमुक शब्दानंतरचं पुन्हा सांगा’ म्हणायचं. निरोप कोणाचा घ्यायचा यालाही शिस्त आहे. आमच्या १९७८ च्या नियमांत अशा आपत्तीतला तिऱ्हाइताचा निरोप जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाने दिलेला आणि तशाच अधिकाऱ्याकडे जाणारा असावा, असं म्हटलं आहे. म्हणजे मास्तरांच्या ओसरीवर रांग लावलेल्या गावकऱ्यांच्या आधी तिथे एक चिखलाने माखलेला नायब तहसीलदार बसलेला असायला हवा होता.

एवढं सगळं पाळूनही चूक कशी होते, ती माझीच सांगतो. एका पावसाळ्यात मी मुंबईच्या टोकाला बसून घाटाखालच्या एका गावाचे निरोप घेत होतो. दुपारी उशिरा चौदा नंबरचा निरोप आला. तातडीचा, शब्द दहा. मी वहीत लिहिलं: ‘शाळेच्या वरच्या मजल्यावर सात माणसे दोन बाळंतिणी अंधारापूर्वी बोट पाठवा.’ शब्द मोजले, दहा भरले. उलट वाचून दाखवले. समोरचा ‘बरोबर’ म्हणाला. मी निरोप नियंत्रण कक्षाला दिला. काही वेळाने तिथल्या बाईंचा उलट प्रश्न आला, ‘सात माणसांसाठी लहान बोट चालेल ना?’ तो प्रश्न मी तसाच पुढे वाचला आणि पलीकडून जवळजवळ किंकाळी आली, ‘साठ! साठ माणसं आहेत!’

शब्दांची मोजणी गळलेला शब्द पकडते, बदललेला नाही. साठच्या जागी सात आला तरी शब्द दहाच. आणि उलट वाचन मी केलं तेव्हा दिवसभर न झोपलेल्या त्या माणसाच्या मनात साठच होतं, म्हणून त्याला साठच ऐकू आलं. आमच्या सेटमधून आवाजाचा साधारण तीनशे ते सत्तावीसशे हर्ट्‌झचा पट्टाच जातो. त्याच्या वरचं कापलं जातं, आणि त, ठ, स, श यांना वेगळं करणारी कुजबुज नेमकी तिथेच असते.

मराठी आकडे तर रेडिओचे वैरीच आहेत. ‘एकोणसत्तर’मधला ‘एकोण’ आवाजाच्या चढउतारात बुडाला की उरतात सत्तर. पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट यांची शेपटी सारखीच. म्हणून त्या दिवसापासून आमच्यात ठरलं, आकडा सुटा बोलायचा. साठ नाही, ‘सहा, शून्य’. एकोणसत्तर नाही, ‘सहा, नऊ’. आणि तो दोनदा. वाडीचं नाव आलं तर ‘बाळातला ळ, बाणातला ण’ असं पहिलीच्या वर्गासारखं म्हणायचं, कारण ळ चा ल झाला तर बोट दुसऱ्याच वाडीला जाईल. इंग्रजी अल्फा-ब्राव्हो आम्हाला पाठ असतं, पण त्यात ळ नाही.

उलट वाचनही आता वेगळं. मी वाचत नाही, समोरच्याला विचारतो, ‘माणसं किती, ते पुन्हा सांगा.’ त्याने स्वतःच्या कागदावरून सांगायचं आणि मी वहीशी ताडायचं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. कथेत स्कूटरच्या बॅटरीवर सेट तीन दिवस चालतो. नुसतं ऐकत राहिलं तरी असा सेट एक अँपिअर खातो, शंभर वॉटने बोलताना वीसपर्यंत जातो. स्कूटरची बॅटरी म्हणजे पाच-सहा तास ऐकणं, बस. शेजाऱ्याच्या मोटारीची काढावी लागेल, आणि ताकद पंचवीस वॉटवर आणावी. समोरच्याच्या मीटरवर काटा फक्त एक घर खाली येतो. तरीही आवाज चिरका, वेडावाकडा यायला लागला तर समजावं की बॅटरी बसतेय. तेव्हा अर्ध्या-अर्ध्या तासाने दहा मिनिटं सेट लावायचा, एरवी बंद. कथेत हा शांत अर्धा तास आला असता तर मला आवडलं असतं. बाहेर पाणी, आत बंद सेट आणि घड्याळाकडे बघत बसलेले मास्तर.

आणि हो, मास्तर प्रत्येक वेळी ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतात. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एका दमात म्हटलं तर समोरच्याने बोलायचं की उठून जायचं? सिनेमावाल्यांनी रूढ केलेली ही चूक मास्तरांच्या तोंडी शोभत नाही.

लेखकांना कथासंग्रह काढताना दुरुस्त्या करायच्या असतील, तर त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. आठच्या सुमारास चाळीस मीटरवर चांगली गर्दी असते. चहा मिळेल, पण वहीत लिहायचं काम त्यांना करावं लागेल, आणि आकडे सुटे.

आपला,
एक जुना हॅम
मुलुंड (पूर्व), मुंबई