नेम खाली धरायचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतले माकडाचे कोडे आणि त्याखाली उलट्या अक्षरांत छापलेले उत्तर वाचले. पेपर उलटा धरून, चष्मा पुसून वाचले आणि सुलटा करून पुन्हा वाचले. उत्तर दोन्ही बाजूंनी चुकीचेच आहे. "बार उडताच माकड फांदी सोडते, म्हणून शिकाऱ्याने नेम माकडाच्या जरा खाली धरावा" असे आपण छापले आहे. नाही हो. नेम थेट माकडावरच धरायचा. वर नाही, खाली नाही.

आपल्या कोडेकारांनी एवढेच पाहिले की माकड पडते. गोळीही पडते, हे ते विसरले. नळीतून सुटलेली गोळी आखल्यासारखी सरळ जाते अशी त्यांची समजूत दिसते. नळीबाहेर आल्या क्षणापासून तिला खालून कोणी धरलेले नसते, म्हणून तीही त्याच क्षणापासून पडू लागते. पुढे जात जात पडते, एवढाच फरक.

मी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत परिचर होतो. प्रोफेसर नव्हे, परिचर. हा प्रयोग माझ्या हाताने किती वेळा मांडला याची मोजदाद नाही. माकडाच्या जागी दूध पावडरचा रिकामा डबा. तो छताच्या कडीला बांधलेल्या विद्युतचुंबकाला चिकटवायचा. टेबलावर वायरिंगचा मीटरभर लांब पाइप तिरका बसवायचा, त्यात एक कंचा. पाइपच्या तोंडाशी ॲल्युमिनियमच्या वर्खाची बारीक पट्टी, आणि चुंबकाचा करंट त्या पट्टीतून. मागून फुंकले की कंचा वर्ख फाडून बाहेर पडतो, करंट तुटतो आणि डबा सुटतो. नेम धरायला वेगळे काही लागत नाही. रिकाम्या पाइपला डोळा लावायचा आणि गोल भोकात डबा बरोबर मधोमध दिसला की स्टँडचा स्क्रू आवळायचा.

आमच्याकडे डबा पाइपच्या तोंडापासून आडवा ४ मीटर दूर आणि ३ मीटर उंच असे, म्हणजे सरळ रेषेत ५ मीटर. कंचा सेकंदाला १० मीटर वेगाने सुटला असे धरा. पृथ्वीची ओढ नसती तर अर्ध्या सेकंदात तो सरळ रेषेत जाऊन डब्यावर आदळला असता, कारण डबाही जागचा हलला नसता. आता ओढ सुरू करा. अर्ध्या सेकंदात कोणतीही सुटी वस्तू सुमारे १.२३ मीटर खाली येते. डबा तेवढा खाली आला. कंचाही ज्या रेषेवरून जायचा होता, तिच्यापासून तेवढाच खाली आला. दोघेही पाइपच्या तोंडापासून १.७७ मीटर उंचीवर एकाच जागी. ठण्ण!

इथे हुशार मुलेही अडतात. "कंचा तर वर चढतोय सर, मग पडला कसा?" (मला सर म्हणणारी तेवढीच.) तो चढतोय हे खरेच आहे, डब्याला लागताना सुद्धा तो थोडा चढतच असतो. पण ३ मीटर चढायचा होता, तो पावणेदोनच मीटर चढला. जे राहिले ते त्याचे पडणे. पडणे जमिनीकडून मोजायचे नसते, गेलो असतो त्या रेषेपासून मोजायचे असते. एवढे डोक्यात शिरले की हिशेब उरतच नाही.

म्हणूनच जोरात फुंका की हळू, फरक पडत नाही. सेकंदाला २० मीटर वेग दिला तर डबा जेमतेम ३१ सेंटिमीटर खाली येतो न येतो तोच कंचा गाठतो. ६ मीटरने फुंकले तर डबा ३.४ मीटर खाली येतो आणि गाठ जमिनीपासून हात-दीड हातावर पडते, पण पडतेच. ५ मीटरने मात्र नाही, कारण कंच्याला पोहोचायला पूर्ण सेकंद लागतो आणि डबा त्याआधीच फरशीवर. हे नियमाचे अपयश नव्हे. फरशी मध्ये आली.

आता इतका राग कशाचा, ते सांगतो. आपले "नेम जरा खाली" हे वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे आणि त्याचे पैसे भरले आहेत.

१९८७ साली आमच्याकडे तपासणी समिती आली होती. पाहुण्यांना दाखवायला हाच प्रयोग. मी नेम लावला, फुंकले, आणि कंचा डब्याच्या बुडाखालून चार बोटे निघून गेला. पोरे हसली. पुन्हा फुंकले, पुन्हा चार बोटे खालूनच. समितीतले एक गृहस्थ, सफारी सूट, तोंडात पान, पुढे आले आणि म्हणाले, "अहो, डबा पडतोय ना? मग नेम खाली घ्या थोडा." कंचा आधीच खालून जात होता हो! मी आमच्या सरांकडे पाहिले. सर छताकडे पाहत होते. समितीपुढे परिचराने काय बोलावे? स्क्रू सैल केला, पाइप खाली केला, फुंकले. कंचा अर्थातच आणखी खालून गेला आणि मागच्या तराजूंच्या कपाटाची काच घेऊन गेला. गृहस्थ म्हणाले, "उपकरणाची देखभाल नाही." तसेच लिहून गेले. पुढच्या पगारातून काचेचे पस्तीस रुपये कापले गेले, माझ्या. सरांच्या नाही, त्या गृहस्थांच्या तर नाहीच.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो नाही. आमच्या शिपायाला थांबवून घेतले. नेम चुकतोय की डबा उशिरा सुटतोय, हे कसे ओळखायचे? शिपाई म्हणाला, "भाऊ, जोर लावून फुंका ना जी एकडाव, पाहू त का होते." तो सहज बोलला, पण बरोबर बोलला. पाइपच जर वाकडा रोखलेला असता तर जोराने फुंकून काही बदलले नसते, चूक तेवढीच राहिली असती. मी छाती फुटेस्तोवर फुंकले आणि कंचा डब्याच्या खालच्या काठाला घासून गेला. चूक निम्म्यावर आली. म्हणजे खोट नेमात नव्हती, सुटण्यात होती.

झाले असे होते की चुंबकाचा गाभा म्हणून कोणीतरी साधा लोखंडी बोल्ट बसवला होता. करंट गेला तरी तसल्या लोखंडात थोडे चुंबकत्व मागे राहते आणि डबा पळभर चिकटून राहतो. किती, तर सेकंदाचा तेहतिसावा-चौतिसावा भाग. डोळ्यांना दिसणारच नाही. पण कंचा अर्धा सेकंद हवेत असेल तर तेवढ्या उशिराने डबा १४ सेंटिमीटर वर राहतो. मधोमध धरलेला नेम म्हणून बुडाखालून चार बोटे. वेग दुप्पट केला की तोच उशीर सातच सेंटिमीटरची चूक करतो, आणि काठ लागतो. बोल्ट आणि डबा यांच्यामध्ये वहीच्या कागदाचे दोन तुकडे घातले, करंट डबा जेमतेम धरेल इतका कमी केला, आणि पुन्हा फुंकले. पोटात बसला डब्याच्या. शिपायाने टाळी वाजवली. समिती तोवर नागपूर सोडून गेली होती.

उलट चूकही होते, तीही सांगून टाकतो. पुढे एका उत्साही तरुण प्राध्यापकांनी वर्ख काढून पाइपच्या मागच्या टोकाला बटण बसवले. फुंकताना बटण सुटले की डबाही सुटणार. दिसायला छान, पण कंचा पाइपमधून बाहेर येईपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि तेवढा वेळ पाइपने त्याला खालून उचलून धरलेले असते. डबा पडायला लागला, कंचा अजून पाइपमध्येच. त्या दिवशी कंचा डब्याच्या मीटरभर वरून गेला. म्हणून वर्ख पाइपच्या तोंडाशीच लागतो. ज्या क्षणी आधार सुटतो, त्याच क्षणी डबा सुटला पाहिजे. कोड्यातल्या "बार उडताच" या शब्दांचा खरा अर्थ हा आहे.

कोणी म्हणेल, हे प्रयोगशाळेत ठीक, जंगलात काय? तेही पाहा. ५० मीटरवर माकड आणि सेकंदाला ३५० मीटर वेगाची गोळी. तिला पोहोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. आवाज ऐकून किंवा ठिणगी पाहून फांदी सोडायला कुठल्याही जिवाला साधारण तेवढा वेळ तरी लागतोच. म्हणजे खरे माकड अजून फांदीवरच बसलेले, आणि गोळी मात्र रेषेपासून १० सेंटिमीटर खाली आलेली. अशा न पडणाऱ्या माकडासाठी नेम थोडा वर धरावा लागतो. खाली धरण्याचे कारण कोडेकारांना कुठल्या माकडाने दिले, कळत नाही.

आणि माकडाचा विषय निघालाच आहे तर, चित्रकाराने शीर्षकात 'रामटेकच्या गडावर' लिहून फांदीवर लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे माकड बसवले आहे. गडावर हातातला प्रसाद हिसकावते ते काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर. विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. नागपुरातून निघणाऱ्या पेपरला कळू नये? चित्र बहुधा कुठून तरी आयते उचललेले दिसते.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया सुलट्या अक्षरांत छापावी. पस्तीस रुपयांचे मी आता काही म्हणत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर
महाल, नागपूर