मुक्ताच्या पहिल्या मंगळागौरीला

पुणे,
दिव्यांची अवस

प्रिय मुक्ता,

आज सकाळी घरातले सगळे दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडले. समई पुसताना सारखी तूच डोळ्यांसमोर येत होतीस. उद्या श्रावण लागतो, तुझ्या लग्नानंतरचा पहिला. तुला श्रावणाच्या मनापासून शुभेच्छा आणि पहिल्या मंगळागौरीसाठी ओटीभर आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पूजा काय, गुरुजी सांगतील तशी करेन, पण रात्रीच्या खेळांचं काय गं ताई? मला फुगडी येतच नाही, गरगरतं. सासरच्या सगळ्या बायका येणार, त्यांच्यासमोर कशी उभी राहू?" तुझा आवाज रडवेला झाला होता आणि मागे तुझ्या आईकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे, पाहुणे बोलत होते, म्हणून मी फार काही बोलले नाही. तेव्हाच ठरवलं, निवांत बसून पत्र लिहायचं.

आधी दिवसाचं थोडं सांगते. पहिली मंगळागौर माहेरी, ती साताऱ्यालाच होतेय हे फार छान झालं. दुसरा मंगळवार ठरवलाय ना? त्या सुमारास पाळी येण्यासारखी असेल तर मावशीला आजच सांग, तिसरा मंगळवार धरता येईल. केवळ त्यासाठी गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलत बसू नकोस. मंगळवार श्रावणात चार तरी येतातच, आणि पुढची चार वर्षंही आहेतच.

पत्री आदल्या संध्याकाळीच गोळा करून ठेव. बाजारात तयार जुडी मिळते, पण मागच्या वर्षी मी मंडईतून आणलेली जुडी सोडून बघितली तर सोळा सोडाच, पाचच प्रकारची पानं निघाली. आघाडा, दुर्वा, बेल तर तुमच्या परसातच आहेत. आघाडा ओळखायची खूण म्हणजे त्याचा लांब तुरा. हात खालून वर फिरवला की टोचतो आणि जवळून गेलं की पदराला चिकटतो. धोतरा, कण्हेर आणि रुई मात्र जपून हाताळ. तिन्ही विषारी आहेत, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ही पानं वेगळ्या परडीत ठेव, हात साबणानं धू आणि दादाच्या लहानग्याला त्या परडीजवळ फिरकू देऊ नकोस. पत्री निवडून झाली की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, म्हणजे सकाळी टवटवीत राहते.

आरतीचे सोळा दिवे तू स्वतः कर. त्याला दोन वाट्या कणीक पुरते. चिमूटभर हळद घालून ती पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट भिजवायची. श्रावणातल्या दमट हवेत सैल कणकेचे दिवे बसतात, वात कलंडते आणि तूप ताटात येतं. लिंबाएवढी गोळी घेऊन अंगठ्यानं खळगा कर आणि आतून तुपाचं बोट फिरव, म्हणजे घातलेलं तूप कणीक पिऊन टाकत नाही. दिवे सकाळी करून उघडे ठेवलेस तर संध्याकाळपर्यंत काठाला चिरा पडतात, म्हणून वर ओलसर फडकं टाकून ठेव. फुलवाती मात्र आदल्या रात्रीच तुपात भिजत घाल. आणि एक, सोळा दिवे एकदम पेटले की ताट चांगलंच तापतं. खाली दुमडलेलं फडकं धर.

पूजा झाल्यावर तुम्ही पूजेला बसलेल्या वशेळ्यांनी मुक्यानं जेवायचं असतं. सकाळपासूनच्या गडबडीत तेवढाच शांत वेळ मिळतो. मला तर दिवसभरातला तोच भाग सगळ्यात आवडला होता.

आता फुगडीकडे येते.

तुला गरगरतं, कारण तू फिरताना इकडे तिकडे बघतेस. लहानपणी वाड्यात तू फुगडी घालायचीस तेव्हा तुझी मान सारखी वळलेली असायची, कोण हसतंय, कोण बघतंय. भिंती, खांब, माणसं भराभर डोळ्यांपुढून सरकली की भोवळ येणारच. समोरची बाईसुद्धा तुझ्याबरोबरच फिरत असते, म्हणून तिचा चेहरा तेवढा तुझ्यासाठी स्थिर असतो. तिच्या कपाळावरच्या कुंकवावर नजर लाव आणि थांबेपर्यंत काढू नकोस. एवढ्यानंच तुझं निम्मं भय जाईल.

दुसरं उभं राहण्याचं. दोघींनी समोरासमोर यायचं, पावलं जुळवायची आणि अंगठे अंगठ्यांना भिडवायचे. उजव्या हातात तिचा उजवा, डाव्यात डावा, म्हणजे हातांची आपोआप फुली होते. मग हात ताठ करून मागे रेलायचं, पण कमरेतून नाही. घोट्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून मागे झुकायचं. कमरेत वाकलीस की सगळा ताण खांद्यावर येतो. चार फेऱ्यांत खांदे भरून आले तर समज की आपण हातांनी ओढतोय, अंगाचा भार मागे सोडलेला नाही. समोरची अंगानं भारी असेल तर तिनं कमी झुकायचं आणि तू जास्त. हे आधी उभ्या उभ्या जमवायचं, न फिरता. दोघींचा तोल लागला की हात आपोआप तणावतात, ते तुला लगेच कळेल. मग फिरायला लागायचं. पावलं उचलून टाकायची नाहीत, चवड्यांवर इंच इंच सरकवायची. पावलं एकमेकांपासून लांब गेली की फेरा मोठा होतो आणि पाय अडखळतात.

हात कसे धरायचे हे मी जरा दुखावूनच शिकले, म्हणून तुला मुद्दाम सांगते. माझ्या पहिल्या मंगळागौरीला समोरच्या बाईनं जोरात माझं मनगटच धरलं होतं. तिसऱ्या फेरीला कट् आवाज आला आणि हिरव्या चुड्यातल्या दोन बांगड्या वाढल्या. एका काचेनं मनगट कापलं, रक्त साडीवर आलं. खोलीतल्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. नव्या नवरीच्या बांगड्या, तेही मंगळागौरीच्या रात्री! कोणी काही बोललं नाही, पण त्यांच्या मनात काय आलं ते मला चेहऱ्यांवर दिसत होतं, आणि मी आतून अगदी गारठले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मोठी मावशी बाहेर आली. काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अशा कार्यांत ती आपण होऊन स्वयंपाकघरातच थांबायची आणि कोणी तिला बाहेर बोलवायचंही नाही. तिनं मला खाली बसवलं, काच काढली, जखम धुऊन हळद दाबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मनगट धरलं की काच फुटणारच. हिला कुणी धरायला शिकवलंच नाही." मग माझ्या राहिलेल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, माझी बोटं आपल्या बोटांत आकड्यासारखी अडकवली आणि म्हणाली, "ऊठ." मुक्ता, पंचावन्न वर्षांची मावशी तेव्हा जी फिरली! तिचा पदर खोचलेला, पाऊल जागचं हलत नव्हतं, नजर माझ्यावरून ढळत नव्हती. आधी मी हातांना लटकतच होते, मग तिनं नुसतं "सोड" म्हटलं. मी मागे भार सोडला आणि पहिल्यांदा ती फुगडी मला अंगात जाणवली. किती फेरे झाले कोण जाणे.

तेव्हा तूही मनगट धरू देऊ नकोस. बोटांचा आकडा, बांगड्या वर आणि तळवे कोरडे. घाम आला तर थांबून पुसून घ्यायचे, कारण फुगडीत हात निसटणं सगळ्यात वाईट, दोघी मागच्या मागे आदळतात. आणि मावशीच्या नव्या फरश्या गुळगुळीत आहेत. रांगोळी पूजेपाशीच काढा, खेळायच्या जागी नको. पायाखाली तिचे कण आले की पाय सटकतो. पायांत काही घालू नकोस. नऊवारीच नेस, कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात.

थांबताना हळूहळू वेग कमी करायचा आणि थांबल्यावर हात लगेच सोडायचे नाहीत. आपण थांबलो तरी कानातलं पाणी थोडा वेळ फिरतच राहतं, तेवढ्यापुरतं गरगरतं. तिच्या खांद्यावर हात ठेवून दहा श्वास उभी राहा, ते निघून जाईल. रात्री भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ समोर येईल, पण पोटभर खाऊन लगेच फुगडीला उठू नकोस. आजपासून रोज संध्याकाळी वहिनीबरोबर पाच-पाच फेरे घाल. त्या रात्री नाहीच वाटलं, तर झिम्मा आहे, पिंगा आहे, सूप नाचवणं आहे. तुझ्या हाताला ताल आहे, सूप तू सगळ्यांपेक्षा सुंदर नाचवशील याची मला खात्री आहे.

उखाण्याचीही काळजी करत होतीस. हा मी तुझ्यासाठी केलाय, आवडला तर घे:

सोळा दिवे ओवाळले, वाहिली सोळा पत्री,
ओंकाररावांचं नाव घेते मंगळागौरीच्या रात्री.

एक मागणं आहे तुझ्याकडे. मोठी मावशी त्या दिवशी साताऱ्याला असेल आणि नेहमीसारखी आत वडे तळत बसेल. तिला हळदीकुंकवाला बाहेर बोलवायचं का, यावर थोरल्यांत कुजबुज होईल, कदाचित आपल्या आईंतही होईल. तू त्या बोलण्यात पडू नकोस. खेळ सुरू झाले की सरळ स्वयंपाकघरात जा, गॅस बंद कर आणि तिचा हात धरून बाहेर घेऊन ये. ती नाही म्हणेल, गुडघे दुखतात म्हणेल. तरी म्हण, "मला कुणी धरायला शिकवलंच नाही." तिला बरोबर कळेल. गुडघ्यांमुळे ती फार फिरणार नाही, दोन-तीन फेरेच घालेल, पण तुझी पहिली फुगडी तिच्याबरोबर होऊ दे.

मी सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतेय, म्हणजे मंगळवारी पहाटे पत्री धुवायला तुझ्याबरोबर असेन. आईनं तुझ्यासाठी हिरवा खण काढून ठेवलाय, तो घेऊन येते. बांगड्या मात्र इथून आणत नाही. तुझ्या मापाच्या तिथेच भर, जरा सैल, म्हणजे वर सरकवता येतील.

तुझी,
ताई