पेपर परत देण्याचा तास

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सध्या शाळाशाळांतून घटक चाचणीचे तपासलेले पेपर परत मिळत आहेत. मुलं गुण बघतात, शेजाऱ्याला किती पडले ते विचारतात आणि पेपर दप्तरात जातो. खरं तर स्वतःचा अभ्यास कसा तपासायचा, हे शिकवायला याहून चांगला तास नाही.

मी दहावीला गणित शिकवते. चाचणी संपली की मुलं पेपरच्या कोपऱ्यात किती गुण पडतील याचा अंदाज लिहितात. पेपर परत देताना प्रत्येकाला एक चिठ्ठी देते. अभ्यास नेमका कसा केला, गुण कुठे गेले आणि पुढच्या चाचणीआधी काय वेगळं करणार, एवढंच त्यात लिहायचं.

एका मुलीचा अंदाज होता २० पैकी १७, पडले ११. 'निष्काळजीपणामुळे गुण गेले' असं तिनं लिहिलं. गेलेला एकेक गुण मोजायला लावल्यावर चिन्हांच्या चुकांचे फक्त २ निघाले. बाकीचे ७ शाब्दिक उदाहरणांतले होते. अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते, तर मूळ संख्या कोणती? इथे तिनं दोन अंकी संख्या 10x + y ऐवजी xy अशी मांडली होती. पुढची आकडेमोड कितीही नेटकी केली, तरी ३६ हे उत्तर येणं शक्यच नव्हतं.

अभ्यास म्हणून तिनं वहीतली सोडवलेली उदाहरणं पुन्हा पुन्हा वाचली होती. उत्तर समोर असलं की सगळं येतंय असंच वाटतं. नेल्सन आणि डन्लॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हेच दाखवलं: पाठ केल्याबरोबर 'हे मला आठवेल का' असं स्वतःला विचारलं तर अंदाज फार चुकतो, थोडा वेळ जाऊ देऊन विचारलं तर बराच खरा ठरतो. म्हणून तिच्यासाठी ठरलं ते असं: आज वाचलेल्या उदाहरणांपैकी तीन उद्या वही मिटून घ्यायची, फक्त समीकरणं मांडायची आणि ताडून पाहण्याआधी प्रत्येकापुढे 'खात्री' किंवा 'शंका' लिहायचं. खात्री लिहूनही जे चुकलं, त्याचा अभ्यास आधी.

बहुतेक मुलं सुरुवातीला 'जास्त अभ्यास करीन' एवढंच लिहितात. अशी चिठ्ठी मी परत देते. कोणती उदाहरणं, कधी आणि कशी, हे त्यात आलंच पाहिजे. चिठ्ठीला गुण मात्र देऊ नयेत, नाहीतर मुलं बाईंना आवडेल ते लिहू लागतात. पुढच्या चाचणीच्या आठवडाभर आधी ती मुलांच्या हाती परत द्यायलाच हवी; त्यावाचून सगळा खटाटोप वाया.

यात एक अख्खा तास जातो आणि भाग संपवायची घाई सगळ्यांनाच असते. मुख्याध्यापकांना विनंती आहे, की चाचणीच्या वेळापत्रकातच हा तास धरावा.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा