एएफएम आणि ऑडिटच्या मधला दीड दिवस

प्रिय अनिकेत,

फोनवरच बोलले असते, पण तू स्पीकर लावून बोलतोस आणि सायली शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली असते. तिच्याबद्दलचं बोलणं तिच्या कानावर अर्धवट पडावं असं मला वाटत नाही. म्हणून लिहिते आहे.

मार्चमध्ये सायलीच्या सीए फायनलचा रिझल्ट लागला तेव्हा तू मला एवढंच म्हणालास, "आई, नाही निघाला ग्रुप." तेव्हापासून घरात सगळे सूनबाईशी जपून बोलून राहिले, जशी काही ती आजारी आहे. धंतोलीत सीएंच्या ऑफिसात मी आयुष्यभर हिशेब लिहिले. आर्टिकलशिपची किती मुलं-मुली माझ्यासमोर फायनलला बसली. तेव्हा तिची मार्कशीट माझ्या नजरेनं बघ.

पहिल्या ग्रुपचे तीन पेपर. फायनान्शियल रिपोर्टिंग म्हणजे एफआर 62, अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट म्हणजे एएफएम 36, ऑडिट 48. बेरीज 146. प्रत्येक पेपरात 40 लागतात आणि ग्रुपची बेरीज 300 पैकी 150 लागते. दोन्हीकडे तिचं चार-चार मार्कांनी अडलं. पण एफआरमध्ये 60 च्या वर गेल्यामुळे तो पेपर एक्झम्प्ट झाला आणि ते 62 पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत तिच्या खात्यात राहतात. 2025 पासून फायनल जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. म्हणजे हे 62 असे जमा धरले जातात ते एका वर्षापुरतेच. दुसरा ग्रुप तिचा आधीच निघालेला आहे. आता मे महिन्यात दोनच पेपर, त्यात मिळून 88 हवेत. ऑडिटमध्ये पुन्हा 48 पडले आणि एएफएम 36 वरून 40 वर गेला, तरी बरोबर 150 होतात.

हे तुला अशासाठी सांगते की ऑडिटचे 48 मात्र कुठेही जमा नाहीत. तो पेपर कोरा करकरीत पुन्हा द्यायचा आहे. सगळं लक्ष एएफएमकडे लागलं की ऑडिट हातचं जातं, हे मी ऑफिसात पाहिलेलं आहे. आमच्याकडे एक फार हुशार मुलगी होती. एएफएम अवघड गेला म्हणून संध्याकाळभर मैत्रिणींना फोन लावून उत्तरं जुळवत बसली, रात्री रडली, दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक उघडलं. एएफएममध्ये ती पास होती. गेली ती ऑडिटमध्ये.

तेव्हा तुझं खरं काम आहे ते या दोन पेपरांच्या मधल्या दीड दिवसात. पाच वाजता पेपर सुटेल. सेंटरबाहेर मुलांचे घोळके उभे असतात, त्यात तिला थांबू देऊ नकोस, गाडी तयार ठेव. "कसा गेला?" हे विचारू नकोस. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, तू ऐकून घे, पण आकड्यांचा हिशेब करू नकोस. घरी आल्यावर अंघोळ, खाणं, तासभर झोप. आठच्या सुमारास तिला स्वतःहून ऑडिट हातात घेता आलं पाहिजे. तिचा फोन तेवढा वेळ तुझ्याकडे दे म्हणावं, पण हे आत्ताच तिच्याशी ठरवून घे. त्या दिवशी अचानक फोन मागितलास तर भांडण होईल.

दुसरी गोष्ट झोपेची. पेपर दुपारी दोनचा असतो, त्याआधी पंधरा मिनिटं नुसता पेपर वाचायला मिळतात. सायली रात्री दोन-अडीचपर्यंत जागते आणि दुपारी डुलक्या घेते, हे मी तुमच्याकडे आले होते तेव्हा पाहिलं. तिचं डोकं नेमकं दोन ते पाच बंद पडायला शिकलेलं आहे, आणि मे महिन्यातल्या नागपुरात जेवणानंतर कोणाचंही पडतं. पेपरच्या तीन आठवडे आधीपासून दर शनिवारी-रविवारी दुपारी दोनला तिला पूर्ण पेपर लिहायला बसव. घड्याळ लाव, पाण्याची बाटली ठेव, दाराची बेल तू सांभाळ. अडीचला जांभया येत असतील तर समज की झोप अजून जागेवर आली नाही. रात्री बारापर्यंत दिवा बंद व्हायला हवा. कूलरचं पाणी सकाळीच भरून ठेवत जा, ऐन पेपरात मोटर कोरडी घरघरायला नको. खोलीची एक खिडकीही उघडी ठेव, नाहीतर दमट होऊन डोकं जड होतं.

आता तुमच्या दोघांचं. तू मला म्हणालास, "आजकाल बोलणंच होत नाही." बेटा, बोलणं होतं, पण सगळं परीक्षेचंच होतं. किती झालं, रिव्हिजन कुठवर आली, टेस्टमध्ये किती पडले. तिला वाटतं घरातही एक परीक्षक बसलाय. ऑडिटचे एसए, म्हणजे नंबर दिलेली स्टँडर्ड्स, विचारायचे असतील तर तिनं पुस्तक हातात दिल्यावरच विचार, सकाळच्या चहाला दहा मिनिटं. एसए 570 म्हटलं की तिनं गोइंग कन्सर्न म्हणायचं, 706 म्हटलं की एम्फसिस ऑफ मॅटर. तेवढ्यानं तिला मदतही होते आणि तिच्या विषयात तूही थोडा शिरतोस. पण रात्री जेवून तुम्ही फुटाळ्याला चक्कर मारायला जाल तेव्हा पुस्तकाचं नावही काढू नका. तुझ्या मिहानमधल्या ऑफिसातले किस्से सांग, तिच्या माहेरच्या कुत्र्याची चौकशी कर, काहीही. ती अर्धा तास कमी वाचेल, वाचू दे. तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

ती "मला जमणार नाही" म्हणाली तर लगेच "तू हुशार आहेस गं" म्हणू नकोस. त्यानं ती गप्प बसते आणि भीती तशीच राहते. कोणता चॅप्टर ते विचार. बहुतेक वेळा ते डेरिव्हेटिव्ह नाहीतर फॉरेक्स निघेल, आणि नाव घेतलं की भीती आटोक्यात येते. मात्र अंथरुणात पडूनही रात्र रात्र झोप नाही, ताट तसंच परत जातंय, असं चार-पाच दिवस दिसलं तर परीक्षेनंतर बघू म्हणू नकोस. डॉक्टरांकडे ने. अटेम्प्ट सप्टेंबरमध्येही आहे.

आणि तुलाही थकवा येत असेल. ऑफिस, स्वयंपाक, भांडी, वर तिचा उतरलेला चेहरा. राग आला तर साठवू नकोस, एखाद्या रविवारी सकाळी शांतपणे सांग तिला. सायली समजूतदार आहे, ऐकेल. साठवलेला राग रिझल्टच्या दिवशी बाहेर पडला तर तो तिला जन्मभर लक्षात राहील.

लग्नसराईचं मी बघते. एप्रिल-मेची सगळी आमंत्रणं मी आणि तुझे बाबा सांभाळू. "सूनबाई कुठे?" म्हणून कोणी विचारलं तर उत्तर मी देईन. रिझल्टचं कोणी विचारू नये हेही मावशीला आणि काकूला सांगून ठेवलं आहे. जुलैत लागेल तेव्हा लागेल.

कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर दोन बरण्या करून ठेवला आहे. शनिवारी ऑफिसातून येताना घेऊन जा. पेपरच्या दिवशी एकच्या उन्हात निघताना तिला ग्लासभर दे, डोक्याला ओढणी बांधायला लाव, आणि सेंटरवर सोडायला तू स्वतः जा. त्या दोन दिवसांची सुट्टी आजच टाक.

तुझी,
आई